एका सेममध्ये मार्क धाडकन पडलेत? एमएसच्या अर्जात ते कसं सांगायचं

सप्टेंबर उजाडला की माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर ज्युनियर लोकांचे एसओपी यायला लागतात, आणि त्यातल्या निम्म्या लोकांचा प्रश्न एकच असतो, "दादा, सेम पाचचा एसजीपीए बघितला का, त्याचं काय करू?" म्हणजे बाकी सगळं आठच्या वर आणि मध्येच एक पाच पॉइंट नऊ. पुणे विद्यापीठाच्या इंजिनियरिंगवाल्यांना हे नवीन नाही, थर्ड इयरचं पहिलं सेम भल्याभल्यांना आडवं करतं. पण अमेरिकेत बसून तुमचा ट्रान्सक्रिप्ट वाचणाऱ्या माणसाला हे माहीत नसतं, त्याला फक्त खड्डा दिसतो.

मी काही कन्सल्टंट वगैरे नाही. माझ्या स्वतःच्या ट्रान्सक्रिप्टमध्ये एक खड्डा होता, तो मी पहिल्या वर्षी फार वाईट पद्धतीने समजावला होता (त्याबद्दल खाली येतंच), आणि नंतरच्या काही वर्षांत बऱ्याच जणांचे ड्राफ्ट वाचले. सगळ्यात जास्त वेळ माझ्या मावसबहिणीच्या ड्राफ्टवर गेला, म्हणून तिचीच केस घेतो. तिला विचारून लिहितोय, आकडे तिचेच आहेत.

कॉम्प्युटर इंजिनियरिंग, पुण्यातलं कॉलेज. पहिली चार सेम ८.१, ८.३, ८.०, ८.४. पाचवं सेम ५.९, आणि थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन म्हणजे टीओसीत नापास. मग सहावं ७.६, सातवं ८.६, आठवं ८.९. शेवटी एक वर्ष नोकरी करून मग अर्ज केला, त्यामुळे आठही सेमचे निकाल हातात होते.

आधी हे ठरवा की सांगायची गरज आहे का

८.४ चं ७.८ झालं असेल तर गप्प बसा. खरंच. ज्याच्याकडे कुणाचं लक्ष जाणार नव्हतं तिथे तुम्ही स्वतःच बोट दाखवता आणि वर शंभर शब्द वाया घालवता. माझा ढोबळ हिशोब असा की एसजीपीए एका पॉइंटपेक्षा जास्त पडला असेल, किंवा एखादा विषय राहिला असेल, किंवा जो विषय पडला तोच तुम्ही पुढे शिकायला चालला असाल, तर लिहा. यातलं एकही नसेल तर नको.

बहिणीच्या बाबतीत तिन्ही होतं. आणि चौथी गोष्ट म्हणजे अमेरिकेतल्या बऱ्याच युनिव्हर्सिटी शेवटच्या दोन वर्षांचे मार्क वेगळे बघतात, आणि सेम पाच नेमकं त्या दोन वर्षांत येतं. खड्डा फर्स्ट इयरला असता तर "बारावीनंतर जरा रुळायला वेळ लागला" असं वाचणाऱ्यानेच समजून घेतलं असतं, थर्ड इयरला तसं होत नाही.

जर्मनीला अर्ज करणाऱ्यांनी इथे जरा थांबा. तिकडे बऱ्याच ठिकाणी सगळा खेळ एकूण सीजीपीएचा जर्मन ग्रेडमध्ये काय आकडा होतो यावर चालतो, एका सेमची गोष्ट ऐकायला तिथे अनेकदा जागाच नसते. खाली जे सांगतोय ते मुख्यतः अमेरिकेच्या अर्जांसाठी.

कागद काढून बसा, आठवणीवर लिहू नका

बहिणीचा पहिला ड्राफ्ट चारशे शब्दांचा होता. सुरुवात "आयुष्यात चढउतार येतच असतात" अशी. पुढे बाबांना अर्धांगवायूचा झटका आला, हॉस्पिटलचं नाव, आयसीयूत किती दिवस, डॉक्टर काय म्हणाले, आई कशी खचली, किराणा दुकान कुणी बघायचं, आणि शेवटच्या दोन ओळींत "अशा परिस्थितीत अभ्यासावर लक्ष केंद्रित करणं माझ्या नियंत्रणाबाहेर होतं". "माझ्या नियंत्रणाबाहेर" हा शब्दप्रयोग मी मोजला, तीन वेळा होता. "दुर्दैवाने" दोनदा.

त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं, मी स्वतः त्या हॉस्पिटलला जाऊन आलो होतो. तरीही वाचून वाटायचं की ही मुलगी सहानुभूती मागतेय.

मावशीकडे डायनिंग टेबलवर बसलो होतो, मी तिला म्हटलं लॅपटॉप बंद कर, एक कोरा कागद घे आणि त्या सेमचं कॅलेंडर काढ. जुलै शेवटी टर्म सुरू. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात काकांना झटका. त्यानंतर दहाएक दिवसांनी इनसेम, तीस मार्कांची. मग दिवाळीपर्यंत ती दर गुरुवारी रात्री गावी जायची आणि सोमवारी परत यायची, कारण शुक्रवार ते रविवार दुकान ती चालवायची. म्हणजे शुक्रवारची सगळी लेक्चर आणि एक प्रॅक्टिकल गेलं. नोव्हेंबरच्या मध्यावर काका दुकानात बसायला लागले. एंडसेम डिसेंबरमध्ये.

हे कॅलेंडर का काढायचं तर दोन कारणं. एक म्हणजे मार्कशीटवर परीक्षेचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं, तुमची गोष्ट त्याच्याशी जुळलीच पाहिजे. मी असा ड्राफ्ट वाचलाय ज्यात आजारपण फेब्रुवारीतलं आणि पडलेले मार्क आधीच्या डिसेंबरचे. मुलगा खोटं बोलत नव्हता, घाईत महिने चुकले, पण वाचणाऱ्याला कसं कळणार.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. कॅलेंडर समोर ठेवलं की दिसतं की मधल्या एका जागी निर्णय तुमचा होता. मी तिला विचारलं, क्लास कोऑर्डिनेटरला सांगितलंस का? मेंटॉरला? ती म्हणाली, "नाही रे दादा, मला वाटलं मी मॅनेज करीन." एकालाही सांगितलं नव्हतं. रूममेटला सुद्धा वाटत होतं की ही घरची आठवण येते म्हणून जाते. सबमिशनची तारीख वाढवून मागितली नाही, बुडलेल्या प्रॅक्टिकलसाठी दुसऱ्या बॅचला बसू का विचारलं नाही, काही नाही.

घडलं ते वेगळं आणि तुम्ही ठरवलं ते वेगळं

कारण आणि सबब यातला फरक लोकांना कळत नाही. "बाबा आजारी होते" ही सबब नाही, पण त्याच्या पुढे पूर्णविराम दिलात तर ती सबब होते. कारण मग वाक्याचा अर्थ असा होतो की बाबा आजारी पडले म्हणून मार्क पडले, मध्ये मी कुठेच नव्हते.

म्हणून कागदाच्या मध्ये एक रेघ मारा. डावीकडे जे तुमच्यावर आलं ते, उजवीकडे त्यात तुम्ही जे केलं किंवा केलं नाही ते. बहिणीच्या डावीकडे एकच ओळ आली, वडिलांचा आजार आणि दुकान. उजवीकडे आलं की कुणालाही न सांगता दोन्ही सांभाळायचं ठरवलं, आणि टीओसीचा अभ्यास शेवटच्या आठवड्यावर ढकलला, कारण तो विषय तिला तसाही अवघड जात होता.

हे दुसरं वाक्य लिहायला ती तयारच नव्हती. "हे लिहिलं तर मीच चुकले असं होईल ना!" होईल, थोडंसं. पण वाचणाऱ्याच्या डोक्यात जो खरा प्रश्न असतो, की आमच्याकडे आल्यावर पुन्हा अशी अडचण आली तर ही काय करेल, त्याचं उत्तर फक्त उजव्या बाजूला असतं. डाव्या बाजूवर तुमचा ताबा नाही, उद्या पुन्हा कुणी आजारी पडू शकतं. उजवी बाजू बदलता येते, आणि बदलली आहे हे तुम्हाला दाखवता येतं.

उजवीकडे काय लिहायचं याला मर्यादा मात्र ठेवा. एक निर्णय पुरे. काही जण एकदा कबुली द्यायला लागले की थांबतच नाहीत, मी आळशी होतो, मला शिस्त नव्हती, मी घरच्यांना निराश केलं. तेही बचावच आहे एका अर्थाने, समोरच्याने "असू दे रे" म्हणावं म्हणून केलेला.

डावी बाजू रिकामी असेल तर

म्हणजे घरी सगळं ठीक होतं, तब्येत ठणठणीत होती, आणि मार्क पडले कारण तुम्ही अभ्यास केला नाही. हे माझं झालं होतं. मेकॅनिकल, सेकंड इयरचं दुसरं सेम, कॉलेजच्या रोबोटिक्स टीममध्ये होतो आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वर्कशॉपमध्ये, सकाळी लेक्चरला झोपलेला किंवा गैरहजर. एसजीपीए ६.१ वर आला.

पहिल्या वर्षी अर्ज करताना मी याचं काय केलं, तर एसओपीमध्ये तीन परिच्छेद लिहिले की रोबोटिक्समध्ये मी किती शिकलो आणि त्यापुढे मार्क कसे गौण आहेत. मला ते फार हुशारीचं वाटलं होतं. प्रत्यक्षात मी अशा लोकांना सांगत होतो की मार्क गौण आहेत, ज्यांचं काम मार्क देणं आहे! त्या वर्षी बहुतेक सगळीकडून नकार आला. नुसत्या त्या तीन परिच्छेदांमुळे आला असं मी म्हणणार नाही, पण मदत तर नक्कीच झाली नसणार.

दुसऱ्या वर्षी दोन वाक्यं लिहिली. "सेकंड इयरच्या दुसऱ्या सेममध्ये मी रोबोटिक्स टीमला लेक्चरपेक्षा जास्त वेळ दिला आणि माझे मार्क पडले. पुढच्या वर्षी मी टीममध्ये राहिलो पण रात्रीचं काम फक्त शनिवारी ठेवलं, आणि त्या दोन्ही सेममध्ये माझा एसजीपीए आठच्या वर होता." संपलं. गेमिंग असो, ब्रेकअप असो, क्लब असो, साचा हाच. ब्रेकअप हा शब्द मात्र लिहू नका, "वैयक्तिक कारणांमुळे माझं लक्ष उडालं आणि मी वेळेत सावरलो नाही" इतकं चालतं. खोटं मोठं कारण शोधायला जाऊ नका, आजी गेली वगैरे. एक तर ते चुकीचं आहे, आणि शिफारसपत्र देणाऱ्या सरांना काही वेगळंच माहीत असतं.

मानसिक आरोग्याचं कारण असेल तर निदान, औषधांची नावं, थेरपीचे तपशील द्यायची काही गरज नाही. "त्या सेममध्ये मला तब्येतीचा त्रास होता, मी उपचार घेतले आणि पुढच्या सेमपासून नियमित अभ्यास करतोय" एवढं पुरतं. लपवताय म्हणून नाही, तर तो अर्ज किती जण वाचतील हे तुमच्या हातात नसतं म्हणून.

आता लिहा, आधी मराठीत

हा माझा आवडता भाग आणि यावर लोक हसतात. अर्ज इंग्रजीत जाणार आहे हे मलाही माहितीये. पण थेट इंग्रजीत लिहायला बसलं की आपण सगळे एकाच जुन्या पत्राच्या भाषेत घुसतो, "ड्यू टू अनअव्हॉइडेबल सर्कमस्टान्सेस" आणि पुढचं सगळं. मराठीत तुम्ही असं बोलतच नाही. मामाने विचारलं की "काय गं, पाचव्या सेमला काय झालं?" तर तुम्ही दोन वाक्यांत सरळ सांगता. तेच लिहा, मग भाषांतर करा.

बहिणीचा तिसरा ड्राफ्ट असा झाला:

"थर्ड इयरच्या पहिल्या सेममध्ये, ऑगस्ट ते डिसेंबर २०२३, माझा एसजीपीए ८.४ वरून ५.९ वर आला आणि थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनमध्ये मी नापास झाले. सप्टेंबरमध्ये वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत आठवड्यातले तीन दिवस मी गावी आमचं दुकान चालवत होते. मी हे कॉलेजमध्ये कुणालाही सांगितलं नाही आणि सगळ्यात अवघड विषय शेवटी ठेवला, ते चुकलं. पुढच्या सेममध्ये मी मेंटॉरशी बोलून बुडालेली प्रॅक्टिकल पूर्ण केली, आणि मे २०२४ मध्ये तो विषय पुन्हा देऊन पास झाले. चौथ्या वर्षी डिझाइन अँड अ‍ॅनालिसिस ऑफ अल्गोरिदम्समध्ये मला १० पैकी ९ ग्रेड पॉइंट मिळाले. शेवटच्या दोन सेमचे एसजीपीए ८.६ आणि ८.९ आहेत. वडील आता बरे आहेत आणि दुकान तेच बघतात."

बघा यात काय काय आहे. पहिल्याच वाक्यात आकडा आणि नापास हा शब्द, स्वतःच्या तोंडाने. जे ट्रान्सक्रिप्टवर दिसणारच आहे ते तुम्ही आधी बोललात की वाचणाऱ्याला शोधायला लागत नाही. आजारपणाला एकच वाक्य. मग तो तिचा निर्णय, एक वाक्य. आणि उरलेला जवळजवळ अर्धा परिच्छेद नंतर काय झालं यावर. पहिल्या ड्राफ्टमध्ये हे प्रमाण नेमकं उलटं होतं, चारशेतले साडेतीनशे शब्द आजारपणावर.

टीओसीनंतर अल्गोरिदम्सचं नाव मुद्दाम घेतलंय. तिला पुढे थिअरीच्या जवळचंच काहीतरी शिकायचं होतं, मग वाचणाऱ्याला शंका येणारच की हा विषय हिला झेपत नाही की काय. नुसतं "नंतर माझे मार्क सुधारले" म्हणून ती शंका जात नाही. त्याच जातीचा, त्याच्या पुढचा विषय दाखवला की जाते. तुमचा सिग्नल्स राहिला असेल तर डीएसपीचे मार्क दाखवा, एम-थ्री राहिला असेल तर ज्या विषयात ते गणित वापरलं जातं तो शोधा.

शेवटचं वाक्यही भावनेसाठी नाही. परिस्थिती अजून तशीच आहे का, हे वाचणाऱ्याला हवं असतं. तशीच असेल, म्हणजे घरी कुणाचं आजारपण चालू असेल, तर आता कोण बघतंय हे एका वाक्यात सांगा.

भाषांतर करताना काय घसरतं

पहिलं म्हणजे आपले शब्द. केटी, एटीकेटी, बॅकलॉग, इयर डाउन, सेम फाइव्ह, यातलं काहीही तिकडच्या प्राध्यापकाला कळेल असं धरू नका. "एका विषयात नापास झाले आणि पुढच्या परीक्षेत पास झाले" असं सरळ लिहा. सेम पाच म्हणण्याऐवजी तिसरं वर्ष, पहिलं सेमिस्टर आणि महिने द्या. तिकडे अनेकदा चारच्या स्केलवर ग्रेड असतात, म्हणून पहिल्यांदा आकडा येईल तिथे "दहापैकी" लिहा. स्वतःच चारच्या स्केलवर बदलून मात्र टाकू नका, फॉर्मने मागितल्याशिवाय.

दुसरं म्हणजे कर्ता गायब होणं. मराठीत "मी नापास झाले" असतं आणि इंग्रजीत त्याचं "द रिझल्ट वॉज अफेक्टेड" होतं. भाषांतर झालं की प्रत्येक वाक्यात "आय" कुठे आहे ते बघा. जिथे चूक सांगताय नेमक्या त्याच वाक्यातून "आय" गायब असेल (आणि तिथूनच होतो, गंमत म्हणजे) तर ते वाक्य परत लिहा.

तिसरं, "बट" आणि "हाउएव्हर". माझे मार्क पडले पण पेपर अवघड होता, पण वर्गात सगळ्यांचेच पडले, पण पेपर तपासणी कडक होती. पेपर तपासणीबद्दल एक शब्दही नको, तुम्ही रिव्हॅल्युएशन टाकून मार्क वाढले असतील तर वाढलेले मार्क मार्कशीटवर आहेतच, आणि नसतील वाढले तर विषय संपला. वर्गात खरंच सगळ्यांचे पडले असतील तर ते तुम्ही सांगून उपयोग नाही, डिपार्टमेंटकडून रँकचं पत्र मिळतंय का बघा, किंवा शिफारसपत्र देणाऱ्या सरांनी ते लिहिलं तर त्याला वजन आहे.

ठेवायचं कुठे

बऱ्याच फॉर्ममध्ये अतिरिक्त माहितीसाठी एक वेगळा रकाना असतो, "काही सांगायचं असल्यास" छापाचा. हा परिच्छेद तिथे जातो. एसओपीमध्ये नाही, कारण एसओपी तुम्ही पुढे काय करणार यासाठी आहे आणि तिथे हजार शब्दांतले दीडशे यावर गेले तर तेवढंच कमी. रकाना नसेल तर एसओपीत टाका, पण शिक्षणाबद्दल बोलता तिथे मध्ये, तीन-चार वाक्यांत आटपून. पहिल्या परिच्छेदात कधीच नाही. शेवटीही नको, वाचणारा तुमचा अर्ज बाजूला ठेवताना त्याच्या डोक्यात ५.९ राहायला नको.

फॉर्ममध्ये "कधी नापास झालात का" असा थेट प्रश्न असेल तर खरं उत्तर द्या. एका कन्सल्टंटने बहिणीला सांगितलं होतं की फक्त पास झालेली मार्कशीट लाव, कोण बघतंय. ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडून जातो आणि त्यावरची तारीखच सांगते की थर्ड इयरच्या पहिल्या सेमचा विषय मे महिन्यात कसा काय पास झाला. नापास झाल्यामुळे अर्ज जाईलच असं नाही, लपवल्यामुळे मात्र मिळालेली अ‍ॅडमिशनसुद्धा रद्द होऊ शकते.

हॉस्पिटलची कागदपत्रं स्कॅन करून जवळ ठेवा आणि मागितल्याशिवाय जोडू नका. डिस्चार्ज कार्ड, एमआरआय, बिलं, असं सगळं लावलेले अर्ज मी पाहिलेत, आपल्याला वाटतं पुरावा दिला, समोरच्याला वाटतं याला वाटतंय की आपण विश्वास ठेवणार नाही.

शिफारसपत्राचं थोडं बोलायला हवं. तीनपैकी एका सरांनी किंवा मॅडमनी हा विषय काढला तर फार मदत होते, आणि शक्यतो ज्यांनी तुम्हाला खड्ड्यानंतर शिकवलंय त्यांनी. बहिणीने अल्गोरिदम्सच्या मॅडमना विचारलं. त्यांना फक्त चार तथ्यं लिहून दिली, तारखा आणि मार्क. आपल्याकडे बरेचदा सर म्हणतात "तूच ड्राफ्ट करून आण", आणि मग होतं काय की एसओपीतलं वाक्य जसंच्या तसं शिफारसपत्रात जातं. दोन्ही एकाच फाइलमध्ये वाचले जातात, लगेच दिसतं. त्यामुळे मॅडमना म्हणा, "मॅडम, मुद्दे देते, दोन ओळी तुमच्या शब्दांत लिहाल का?" त्यांनी वर्गात जे पाहिलं तेच लिहिलं, की ही पहिल्या बाकावर बसायची आणि अवघड भाग परत समजावून मागायची. ते तर आम्हाला सुचलंही नसतं.

फायनल इयरलाच अर्ज करत असाल तर

बहुतेक जण डिसेंबरात, सातव्या सेमचा निकाल लागायच्या आधी अर्ज करतात. तेव्हा खड्ड्यानंतर तुमच्याकडे फक्त सहावं सेम असतं. बहिणीने तेव्हा केला असता तर तिच्याकडे ७.६ आणि एक पास झालेला विषय, एवढंच होतं. मग मोठे दावे करू नका, "मी पूर्णपणे सावरले" वगैरे, ७.६ ते सिद्ध करत नाही. जे आहे ते लिहा, आणि सातव्याचा निकाल लागला की पोर्टलवर अपलोड करता येतो का किंवा अ‍ॅडमिशन ऑफिसला मेल चालेल का हे बघा. चांगला निकाल फेब्रुवारीत पोचला तरी उपयोगी पडू शकतो.

आणि खड्डा आठव्याच सेमला असेल तर ही सगळ्यात अवघड केस, नंतरचे मार्कच नाहीत. तिथे नोकरीतलं काम, एखादा नीट पूर्ण केलेला ऑनलाइन कोर्स, किंवा जीआरईचा क्वांटचा स्कोअर, जे असेल ते. नसेल तर एक वर्ष थांबून काहीतरी जमवा असं मी सरळ सांगतो, लोकांना राग येतो.

तोंडी विचारलं तर

प्रोफेसरच्या व्हिडिओ कॉलवर, किंवा बीकेसीला व्हिसाच्या खिडकीवर, विचारलं जाऊ शकतं. तेव्हा लिहिलेला परिच्छेद पाठ म्हणून दाखवू नका. वीस सेकंद, तीन वाक्यं. वडील आजारी होते आणि मी दुकान बघत होते, कॉलेजला सांगायला हवं होतं ते सांगितलं नाही, पुढच्या परीक्षेत पास झाले आणि शेवटची दोन सेम साडेआठच्या वर आहेत. आणि मग गप्प. गप्प बसणं जमत नाही लोकांना, समोरचा टाइप करत असतो आणि आपण त्या शांततेत घाबरून पेपर तपासणीपर्यंत जाऊन पोचतो.

पाठवायच्या आधी एक चाचणी

ज्याला तुमची गोष्ट माहीत नाही अशा कुणाला तरी तो परिच्छेद वाचायला द्या, फोन काढून घ्या, आणि पाच मिनिटांनी विचारा की काय लक्षात राहिलं. बहिणीने दुसरा ड्राफ्ट ऑफिसमधल्या मैत्रिणीला दिला होता, ती म्हणाली, "अगं बिचारी, किती सोसलंस." तो ड्राफ्ट आम्ही टाकून दिला. तिसरा तिच्या टीम लीडला दिला. तो वाचून म्हणाला, "टीओसीत उडालीस आणि मग अल्गोरिदम्सला नऊ? कसा केलास अभ्यास?" त्याच रात्री तिने तो फॉर्ममध्ये पेस्ट केला.